आईचं खातं, धाकट्याचा फोन

रुपया घसरला की मुंबईत अर्थतज्ज्ञ कपाळाला हात लावतात आणि दुबईत आमची माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात. दिरहमचं यात काही कर्तृत्व नसतं. तो १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, ना इकडे ना तिकडे. डॉलर चढला की तो बसल्या जागी चढतो. क्रिकेटमध्ये भारत जिंकावा आणि बाजारात रुपया हरावा, अशी दुहेरी निष्ठा सांभाळणारी ही माणसं पगाराच्या संध्याकाळी एक्स्चेंजसमोर रांग लावून उभी असतात. पलीकडे बहुधा मल्याळी काउंटरवाला. तो मान वर न करता विचारतो, "बँक, वॉलेट, कॅश?" उडप्याच्या हॉटेलात साधा, मसाला, म्हैसूर विचारतात त्याच सुरात.

प्रश्न तीन शब्दांचा असला तरी उत्तरात अख्खं घर असतं. मी इथे एका कंत्राटदाराकडे हिशेब लिहितो. त्यामुळे पगाराच्या संध्याकाळी कोणी ना कोणी मला सोबत नेतंच. माणूस आकडेमोड करतो म्हटल्यावर त्याला पैशातलं कळत असणार, अशी लोकांची समजूत असते. मीही ती मोडत नाही. असाच एकदा गुहागरकडचा एक प्लंबर मला घेऊन गेला. त्याला महिन्याला पंधराशे दिरहम घरी पाठवायचे होते. घरी आई, बायको आणि धाकटा भाऊ. बाप नाही.

"दादा, मोबाईलवर एक अ‍ॅप आहे, फी शून्य," तो म्हणाला. "मग इथे उभं कशाला राहायचं?"

शून्य फी हा परदेशातल्या माणसाला घातलेला सगळ्यात गोड मंत्र आहे. पण कोणताही धंदा फुकट चालत नाही. फी घेतली नाही म्हणजे ती दुसऱ्या खिशातून घेतली आहे. तो दुसरा खिसा म्हणजे दर. म्हणून रांगेत उभ्या उभ्या आम्ही हिशेब मांडला. बाजारातला मधला दर समजा तेवीस रुपये. एक्स्चेंजवाला एका दिरहमचे २२.९० देतो आणि पाच टक्के व्हॅट धरून एकवीस दिरहम फी घेतो. अ‍ॅपवाला फी घेत नाही, पण दर देतो २२.५०. कॅश पिकअपला फी सव्वीस आणि दर २२.६०.

खिशात पंधराशे. बँकेच्या रस्त्याने फी वजा जाता १४७९ दिरहम उरतात आणि घरी पोचतात ३३,८६९ रुपये. मोफत अ‍ॅपने पूर्ण पंधराशे जातात आणि पोचतात ३३,७५०. म्हणजे मोफत प्रकरण एकशे एकोणीस रुपयांनी महाग. कॅश पिकअपने पोचतात ३३,३१२, म्हणजे बँकेपेक्षा साडेपाचशेहून जास्त कमी.

"म्हणजे अ‍ॅप चोर," प्लंबरने निकाल दिला.

तसंही नाही. हाच हिशेब तीनशे दिरहमचा करून बघा. एकवीस दिरहम फी गेल्यावर एक्स्चेंजमधून ६,३८९ रुपये पोचतात आणि अ‍ॅपमधून ६,७५०. इथे एक्स्चेंज चोर! ठरावीक फी लहान रकमेला जड जाते, दरातला फरक मोठ्या रकमेला. या आकड्यांनी सीमारेषा बाराशे दिरहमच्या आसपास येते. त्याखाली अ‍ॅप, त्यावर एक्स्चेंज. दर रोज हलतात, म्हणून बाराशे हा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. विचारायचा प्रश्न मात्र कायम एकच: "सगळं कापून घरी रुपये किती पोचतील?" हा प्रश्न विचारला की काउंटरवाला पहिल्यांदा मान वर करतो.

एवढ्यावर लेख संपला असता, जर पैसे गणितालाच पोचवायचे असते. ते घरी पोचवायचे असतात, आणि घरात माणसं असतात.

सुरुवातीला या प्लंबरने कॅश पिकअपच धरलं होतं. कारण आई. आईचा बँकेवर विश्वास नाही, कारण बँकेत पैसे दिसत नाहीत. नोटा हातात आल्या, थुंकी लावून मोजल्या, तरच मुलगा कमावतोय. कॅश पिकअपची रीत वरवर सोपी आहे. इथे पैसे भरायचे, एक नंबर मिळतो, तो घरी कळवायचा. आईने तो नंबर आणि ओळखपत्र घेऊन एजंटाकडे जायचं आणि रोख घ्यायची. खातं नको, पासबुक नको. काही मिनिटांत पैसे हजर. 'पैसे हजर' म्हणजे तालुक्याच्या दुकानात हजर. आई अजून गावात असते. गाव आणि तालुका यांच्यामध्ये एसटी असते, आणि एसटी स्वतःच्या मर्जीने येते.

पहिल्या महिन्यात आई सकाळच्या गाडीने गेली. एजंटाने नंबर घातला, आधार बघितलं आणि म्हणाला, "नाव जुळत नाही, मावशी."

मुलाने फॉर्मवर आईचं नाव लिहिलं होतं. जे नाव अख्खा गाव ओळखतो, ते. पण ते तिचं सासरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून ठेवलेलं. आधारवर मात्र माहेरचं नाव चालू राहिलेलं, कारण आधार काढताना दाखवलेला कागद त्या नावाचा होता. मुलाला आईचं माहेरचं नाव सांगता येईना. तीस वर्षं तो तिला आई म्हणत आला होता आणि फॉर्ममध्ये 'आई' या नावाने पैसे पाठवता येत नाहीत. मग मामाला फोन लावून आईचं नाव विचारावं लागलं. मामा म्हणाला, "आम्ही तिला बायगो म्हणतो."

नावाची दुरुस्ती पैसे भरलेल्या माणसानेच, पावती आणि ओळखपत्र घेऊन करायची असते. एजंटाच्या हातात काही नसतं. तोवर आई परतीच्या गाडीने घरी. दुसऱ्या फेरीला नाव जुळलं, तर एजंट म्हणाला, "कॅश आत्ताच संपली. उद्या या." एजंट म्हणजे बँक नव्हे. त्याच्या गल्ल्यात जेवढं सकाळपासून जमा झालं, तेवढंच तो देणार. तिसऱ्या फेरीला पैसे मिळाले. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांनी दरातला फरक कधीच मागे टाकला होता. शेजारीण सोबत गेली होती, तिला मिसळ खाऊ घातली, तोही खर्च. शिवाय एसटीतून उतरताना पिशवी छातीशी धरलेली बघून सगळ्या गावाला कळलं, दुबईचे पैसे आले. संध्याकाळपर्यंत दोन जण उसने मागायला दारात.

भारतात या रस्त्याला सरकारी कुंपणंही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका वेळेला अडीच हजार डॉलरपर्यंतच पाठवता येतं आणि एका माणसाला वर्षातून तीसदा घेता येतं. त्यातले पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोख मिळतात. त्यावर रक्कम गेली की खात्यात किंवा चेकने. पैसे असावेत घरखर्चासाठी. जमीन घ्यायला किंवा देणगी द्यायला हा रस्ता नाही. म्हणून फॉर्मवर कारणाच्या रकान्यात सगळे 'फॅमिली मेंटेनन्स' लिहितात. त्या दोन शब्दांत बहिणीच्या लग्नाचा मांडव, धाकट्याची मोटारसायकल आणि घराची कौलं असं सगळं मावतं. शिमग्याच्या पालखीची वर्गणी मेंटेनन्समध्ये बसते की देणगीत, यावर आमच्या खोलीत एकदा रात्री दीडपर्यंत वाद झाला होता. "पालखी घरी येते ना? मग फॅमिलीच," हा मुद्दा शेवटी बिनतोड ठरला.

तरी कॅश पिकअपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचं खातं नाही, किंवा बाप रात्री दवाखान्यात दाखल झालाय आणि खात्याचा नंबर कोणाला सापडत नाही, त्याला तोच रस्ता. आमच्या ऑफिसातल्या फिलिपिनो बाई तर दर महिन्याला तोच वापरायच्या. त्यांच्या देशात हे पैसे गहाणवटीच्या दुकानात मिळतात. गल्लोगल्ली असलेली ती दुकानं एका खिडकीतून दागिने गहाण घेतात आणि दुसऱ्या खिडकीतून परदेशातले पैसे देतात. पैसे आले नाहीत तर पहिली खिडकी, आले तर दुसरी. व्यवस्था म्हणून बघितलं तर यात काहीच चुकीचं नाही.

दोन महिन्यांत आई थकली आणि धाकट्याने कारभार हातात घेतला. तो फोनवर म्हणाला, "दादा, तू कुठल्या जमान्यात आहेस? गुगल पेवर टाक ना. वॉलेटमध्ये."

इथे वॉलेट या शब्दाने आपल्याकडे फार गोंधळ घातला आहे. खरं वॉलेट म्हणजे पैसे त्या कंपनीकडेच साठून राहतात, मागे बँकेचं खातं नसलं तरी चालतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे बांगलादेशी गवंडी असेच बिकाशमध्ये पैसे टाकतात. गावात किराणा दुकानदारच एजंट असतो. बायको फोन घेऊन त्याच्याकडे जाते आणि रोख आणते. रोख काढायला सर्वसाधारण दर हजाराला साडेअठरा टका. उलट, अधिकृत रस्त्याने आलेल्या पैशांवर त्यांचं सरकार २०२२ पासून अडीच टक्के वर घालून देतं. म्हणजे एका हाताने दुकानदार कापतो आणि दुसऱ्या हाताने सरकार भरतं. हे ऐकून आमच्या प्लंबरने काही काळ नागरिकत्वाचा विचार केल्यासारखा चेहरा केला होता.

आपल्याकडे धाकटा ज्याला वॉलेट म्हणतो ते वॉलेट नसतंच. यूपीआय आयडी हा बँकेच्या खात्याचा पत्ता आहे. त्यावर पाठवलेले पैसे गुगल पेमध्ये बसत नाहीत, मागच्या बँकखात्यात जातात. खरी वॉलेटंही आपल्याकडे आहेत, पण परदेशातून पैसे घ्यायला पूर्ण केवायसी लागतं. एका वेळच्या रकमेतले पन्नास हजारांपर्यंतच त्यात भरता येतात आणि एकूण शिल्लक दोन लाखांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या माणसाने "वॉलेटवर टाक" म्हटलं की एकच प्रश्न विचारायचा: त्या आयडीमागे खातं कोणाचं?

प्लंबरने विचारला. उत्तर आलं, "आईचंच."

आणि ते खरंही होतं. आईचं जनधन काळातलं खातं होतं, पासबुकावर तिचा फोटो होता, अंगठ्याऐवजी तिने शिकून केलेली सही होती. पण खातं उघडताना अर्जावर मोबाईल नंबर लिहायचा होता, आणि आईकडे फोन नव्हता. धाकट्याने स्वतःचा नंबर लिहिला. एवढंच. त्या दहा आकड्यांनी घराची सत्ता बदलली. बँकेचा मेसेज धाकट्याला. ओटीपी धाकट्याला. यूपीआय त्या नंबरावर, म्हणजे पिनही त्यानेच ठरवलेला. आई खातेदार आणि धाकटा सरकार.

हे मी एका घराचं सांगतोय, पण रांगेतल्या दहा जणांना विचारलंत तर चार-पाच घरं अशीच निघतील. कोणाची आई, कोणाची बायको. खातं बाईचं आणि सिम पुरुषाचं. ज्याच्या खिशात सिम, त्याच्या हातात पैसे. पासबुक हे त्या पैशांचं वर्तमानपत्र, महिन्यातून एकदा छापून येणारं.

पुढचा महिना आमच्या प्लंबरचा मोठा विचित्र गेला. इथून पंधराशे दिरहम गेले. पावती हातात. तेहतीस हजार आठशे एकोणसत्तर जमा झाल्याचा निरोप आला. पण आई फोनवर म्हणाली, "बाबा, किराण्याला दहा दिलेन रे त्याने. बाकीचे अजून आले नाहीत म्हणतो." धाकटा म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे." सर्व्हर सतरा दिवस डाऊन होता. सोळाव्या दिवशी गावातल्या एकाने फेसबुकवर धाकट्याचा नव्या मोटारसायकलसोबतचा फोटो टाकला. तेव्हा सर्व्हर कुठे गेला होता ते सगळ्यांना कळलं.

मोठ्या भावाने आरडाओरडा केला नाही. दुबईत फोनवर ओरडायला खोलीत जागा नसते, आठ जण झोपलेले असतात. तो मला म्हणाला, "दादा, आता बायकोच्या खात्यावर."

वहिनींनी पासबुकाचा फोटो पाठवला. खातं देना बँकेचं. वहिनींच्या मते काही अडचण नव्हती, पासबुक कोरं करकरीत होतं, कारण ते कधी वापरलंच नव्हतं. पण देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. पासबुकावरचा आयएफएससी म्हणजे पाडलेल्या घराचा पत्ता. तो कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. त्या शून्याचा लोक 'ओ' करतात, हा दुसरा घोटाळा. पण सगळ्यात जपायचा तो खाते क्रमांक, कारण भारतात पैसे जमा होताना वर्षानुवर्षं खाते क्रमांकच बघितला गेला, नाव नव्हे. कॅश पिकअपला नावातलं एक अक्षर चुकलं की आईला तीन फेऱ्या, आणि बँकेत आकडा चुकला तर पैसे खुशाल दुसऱ्याच्या घरी. त्या आकड्याचं खातंच नसेल तर पैसे परत येतात, पण परत दिरहम होताना दुसऱ्या दराने. म्हणजे पैसे फिरून आले तरी प्रवासखर्च कापूनच येतात. म्हणून नव्या खात्यावर आधी अ‍ॅपने शंभर दिरहम पाठवायचे. वहिनींनी "आले" म्हटलं की मगच बाकीचे.

बाकी बँकेच्या रस्त्याला वेग नाही हा जुना समज आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. इथून गेलेले पैसे बऱ्याचदा चहा संपेपर्यंत तिथे पोचतात. अडकले तर दोन कारणांनी: इथे ओळखपत्राची मुदत संपलेली, नाहीतर तिथे केवायसी जुनी.

एक चौथा रस्ताही आहे, तो काउंटरवर विचारत नाहीत. हुंडी. दर सगळ्यात चांगला, घरपोच रोख, पावती नाही. प्लंबरचा एक मित्र त्याच रस्त्याने पाठवायचा. मग एकदा हुंडीवाल्याने रोखीऐवजी त्याच्या बापाच्या खात्यात परस्पर कोणाच्या तरी खात्यातून पैसे टाकले. ते खातं कुठल्या तरी फसवणुकीत सापडलं, आणि बापाचंही खातं पोलिसांनी गोठवलं. बापाला जिल्ह्याबाहेरच्या ठाण्यात जाऊन सांगावं लागलं की पैसे मुलाचेच आहेत. पुरावा काय? पावती नाही.

शेवटी आम्ही तीनही रस्त्यांना कामं वाटून दिली. घरखर्चाचे पंधराशे एक्स्चेंजमधून, बँकेत, एकाच वेळी, म्हणजे फी एकदाच बसते. अडीअडचणीचे दोनशे-तीनशे अ‍ॅपने. कॅश पिकअप फक्त रात्री-अपरात्रीसाठी, म्हणून आईचं आधारवरचं नाव, अक्षरन्‌अक्षर, प्लंबरच्या पाकिटात लिहून ठेवलेलं. स्वतःच्या बचतीसाठी त्याने एनआरई खातं उघडलं. परदेशात राहणाऱ्याने गावातलं जुनं साधं बचत खातं चालू ठेवायचं नसतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एनआरईतल्या व्याजावर भारतात करही नाही.

पण खरी दुरुस्ती दुबईत झालीच नाही. ती तालुक्याच्या शाखेत झाली. पैसे वहिनींकडे जावेत की आईकडे, यावर सासू-सुनेत जे व्हायचं ते होऊन आईच जिंकली. वहिनींनी साधा बटणाचा फोन आणि नवं सिम आणलं, सासूबाईंना बँकेत नेलं, आणि आईच्या खात्यावरचा मोबाईल नंबर बदलून घेतला. सोबत एटीएम कार्ड. त्या संध्याकाळी धाकट्याच्या फोनवरचं आईचं यूपीआय बंद पडलं. त्याने नेहमीप्रमाणे सर्व्हर डाऊन असल्याचं सांगितलं, आणि या वेळी बिचारा खरं बोलत होता.

आता महिन्याला मेसेज आईकडे येतो. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात, आणि आकड्यांच्या बाबतीत ती रिझर्व्ह बँकेपेक्षा कडक आहे. धाकट्याला पेट्रोलला पैसे लागले की तो आईकडे मागतो. आई हजार सांगते आणि हातावर नऊशे ऐंशी ठेवते.

"वीस कुठे गेले गो?" धाकटा विचारतो.

"फी," आई म्हणते. "तुझ्या भावाकडून सगळे घेतात ना? मी तर आधी सांगून घेते."